कॉन्फरन्स पेपरचा जर्नल लेख करताना: नवीन काय आणि ते दाखवायचं कुठे

प्रश्न: माझा सहा पानी पेपर मागच्या वर्षी एका आयईईई कॉन्फरन्समध्ये आला. विषय: व्हायब्रेशन सिग्नलवरून बेअरिंगमधला बिघाड ओळखणं. सीडब्ल्यूआरयू म्हणजे केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा खुला बेअरिंग डेटा, सीएनएन मॉडेल, 99 टक्क्यांच्या वर अ‍ॅक्युरसी. आता तोच वाढवून जर्नलला द्यायचाय. गाईड म्हणतात 30 टक्के नवीन टाका, लायब्ररीतून सांगतात साम्य 10 टक्क्यांच्या आत हवं. दोन्ही एकदम कसं जमवायचं? आणि काय नवीन आहे हे नक्की कुठे लिहायचं?

उत्तर:

आधी टक्क्यांचा घोळ सोडवू. तुम्हाला सांगितलेल्या दोन आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

30 टक्के हा आकडा जर्नलांकडून येतो. एसीएमच्या धोरणात किमान 25 टक्के नवीन मजकुराची अट आहे, बऱ्याच जर्नलांच्या सूचनांत 30 असतं, काही ठिकाणी त्याहून जास्त. आयईईईच्या सर्वसाधारण धोरणात मात्र एकच एक आकडा नाही. तिथे तीन गोष्टी लागतात: भरीव तांत्रिक भर, जुन्या पेपरचा संदर्भ आणि दोन्हींतल्या फरकाचा स्पष्ट खुलासा. म्हणजे तुमच्या गाईडचं चूक नाही, पण ज्या जर्नलला पाठवणार त्याच्या लेखकांसाठीच्या सूचना स्वतः उघडून बघा. ऐकीव आकड्यावर जाऊ नका.

10 टक्के येतात यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीतून. त्यात 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलं आहे, पुढे 40 आणि 60 वर पायऱ्या आहेत. पण त्याच नियमावलीत साम्य मोजताना काय वगळायचं तेही दिलंय: योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, सर्वसामान्य संज्ञा, प्रमाण समीकरणं वगैरे. स्वतःच्याच लेखनाच्या पुनर्वापराबद्दल यूजीसीने 2020 मध्ये वेगळी सूचना काढली. तिचा रोख पुरेसा संदर्भ न देता स्वतःचं जुनं काम पुन्हा छापण्यावर आहे. तुम्ही ते उघडपणे सांगून, संदर्भ देऊन वाढवताय. म्हणून लायब्ररीतून दोन रिपोर्ट मागा: एक सरसकट, दुसरा तुमचा कॉन्फरन्स पेपर स्रोतांतून वगळून. दुसरा 10 च्या आत असला पाहिजे. पहिल्यात तुमचा पेपर सगळ्यात वर दिसणारच. गाईडच्या सहीचं एक पत्र सोबत लावलं की हा विषय बहुतेक ठिकाणी मिटतो.

संपादकाकडेही असाच रिपोर्ट येतो, बहुतेक आयथेंटिकेटचा. आम्ही तो बघतो तेव्हा एकूण आकड्याकडे एकदाच नजर जाते. खरं बघायचं ते स्रोतवार यादीत. वरचा स्रोत लेखकाने स्वतः जाहीर केलेला पेपर आहे का? आणि रंगवलेला भाग कुठे आहे? पद्धतीच्या विभागात, टेस्ट रिगच्या वर्णनात रंग असेल तर कोणाची झोप उडत नाही. निकाल, चर्चा आणि सारांश रंगलेले असतील तर पेपर तिथूनच परत जातो, एकूण आकडा 18 असला तरी.

यातून पळवाट म्हणून काही जण जुनी वाक्यं घेऊन शब्दाला शब्द बदलतात. कृपा करून ते करू नका. त्यातूनच 'सिग्नल टू नॉइज'च्या जागी 'फ्लॅग टू कमोशन' असले प्रकार छापून आलेत आणि आता असे शब्द शोधून पेपर मागे घेतले जातात. पद्धत तीच असेल तर ती चार वाक्यांत सांगा, तपशीलासाठी कॉन्फरन्स पेपरकडे बोट दाखवा आणि मोकळी झालेली जागा नव्या कामाला द्या.

आता मुख्य गोष्ट. सहा पानांची बारा पानं केली की पानांच्या हिशेबाने निम्मं नवीन होतं. प्रस्तावना फुगवली, संदर्भ 20 चे 55 केले, कन्फ्यूजन मॅट्रिक्सच्या चार आकृत्या वाढवल्या तरी टक्के भरतात. रिव्ह्यूअर असं मोजत नाही. तो एकच विचारतो: कॉन्फरन्स पेपर वाचलेल्या माणसाला यातून काय नवीन कळतं? जुन्या पेपरच्या दाव्याला जे उत्तर देतं, तो दावा बळकट करतं, मर्यादित करतं किंवा मोडतं, तेच नवीन साहित्य. म्हणून सुरुवात जुन्या पेपरचा सगळ्यात कच्चा दुवा शोधण्यापासून करा. तुमच्या विषयात तो शोधायला लांब जावं लागत नाही.

सीडब्ल्यूआरयूच्या डेटावर 99 टक्के येणं ही आता बातमी नाही, आणि तसं का येतं हे जर्नलच्या रिव्ह्यूअरला पाठ असतं. ड्राइव्ह एंडचं रेकॉर्डिंग 12 किलोहर्ट्झला घेतलेलं, एक फाइल साधारण दहा सेकंदांची. 1797 आरपीएमला शाफ्टचा एक फेरा जवळपास 400 सॅम्पलांचा होतो. आपण 1024 सॅम्पलांच्या खिडक्या एकमेकींवर चढवून कापतो, सगळ्या एकत्र ढवळतो आणि मग ट्रेन आणि टेस्ट वेगळे करतो. साहजिकच टेस्टमधल्या खिडकीचा अर्धा भाग ट्रेनमधल्या शेजारच्या खिडकीत आधीच असतो. सहा पानांत हे खपून गेलं असेल, जर्नलमध्ये खपणार नाही.

बरेच जण यावर उपाय म्हणून लोडनुसार विभागणी करतात: 0, 1 आणि 2 हॉर्सपॉवरवर ट्रेनिंग, 3 वर टेस्टिंग. हे आधीपेक्षा बरं, पण पुरेसं नाही. प्रचलित दहा वर्गांच्या मांडणीत बिघाडाच्या तीन जागा असतात: आतली रेस, बाहेरची रेस आणि बॉल. प्रत्येक जागेला 0.007, 0.014 आणि 0.021 इंच असे तीन आकार, म्हणजे नऊ वर्ग, आणि दहावा चांगल्या बेअरिंगचा. ईडीएमने खड्डा पाडलेलं एक बेअरिंग घेतलं आणि तेच चारही लोडवर फिरवलं. म्हणजे लोड बदलला तरी टेस्टमध्ये तेच बेअरिंग, तीच बसवणूक. मॉडेल बिघाड ओळखतंय की ते विशिष्ट बेअरिंग, हे सांगता येत नाही. दहा वर्गांच्या मांडणीत ते सांगता येणं शक्यच नाही, कारण प्रत्येक वर्गात बेअरिंगच एक आहे.

तुमच्या जर्नल लेखाचा गाभा इथे आहे. प्रश्नच बदला: आकार सोडा, फक्त बिघाडाची जागा ओळखायची. 0.007 आणि 0.021 वर ट्रेनिंग, 0.014 वर टेस्टिंग, मग फिरवून बाकीच्या दोन जोड्या. आता टेस्टमधलं बेअरिंग मॉडेलने कधी पाहिलेलंच नाही. यातही एक पाचर आहे: चांगल्या बेअरिंगची वेगवेगळी उदाहरणं या डेटात नाहीत, त्यामुळे 'बिघाड आहे की नाही' हा वर्ग या पद्धतीने प्रामाणिकपणे तपासता येत नाही. तो बाजूला ठेवा आणि का ठेवला ते लिहा.

त्या वर्गासाठी दुसरा डेटा घ्या. पाडरबॉर्न विद्यापीठाचा खुला डेटा बरोबर बसतो: 32 बेअरिंग, त्यांतली 6 चांगली, 12 मध्ये मुद्दाम केलेलं नुकसान, 14 मध्ये वेगाने झिजवून आलेलं खरं नुकसान. व्हायब्रेशन 64 किलोहर्ट्झला घेतलेलं, कामाच्या चार परिस्थिती. इथे कृत्रिम नुकसानीवर ट्रेनिंग आणि खऱ्या नुकसानीवर टेस्टिंग करता येतं, शिवाय चांगली बेअरिंगही दोन्हीकडे वेगवेगळी ठेवता येतात. दोन गोष्टी विसरू नका. या डेटात बॉलच्या बिघाडाचा वर्ग नाही, त्यामुळे दोन्ही डेटांचे तक्ते सरळ शेजारी ठेवून तुलना करता येणार नाही. आणि खऱ्या नुकसानीच्या काही बेअरिंगमध्ये दोन्ही रेस खराब आहेत. ती कोणत्या वर्गात टाकली किंवा वगळली हे एका वाक्यात सांगा, नाहीतर पहिल्याच फेरीत तो प्रश्न येईल.

अ‍ॅक्युरसी खाली येईल, हे धरूनच चाला, आणि बरीच खाली येईल. इथे विद्यार्थी घाबरतात: कॉन्फरन्समध्ये 99 छापलंय, आता 80 च्या आसपास कसं दाखवू? पण तोच तुमच्या लेखाचा निष्कर्ष आहे. जुना आकडा कोणत्या विभागणीवर आला होता, बेअरिंग वेगळं केल्यावर तो किती उरतो आणि मॉडेलमधल्या कोणत्या बदलाने त्यातलं किती परत मिळतं, या तीन पायऱ्या दाखवा. जुना आकडा लपवला तर रिव्ह्यूअर कॉन्फरन्स पेपर उघडून काढतोच. तुम्ही स्वतः पहिल्या तक्त्यात जुना आकडा, जुन्याच विभागणीच्या नावासह ठेवला की त्याचं हत्यारच जातं.

यांत्रिकीच्या जर्नलला देणार असाल तर आणखी एक भर मी घालेन. सीडब्ल्यूआरयूच्या ड्राइव्ह एंडच्या बेअरिंगची बिघाड-वारंवारिता माहीत आहे: बाहेरच्या रेससाठी शाफ्टच्या वेगाच्या 3.585 पट, आतल्यासाठी 5.415 पट. 1797 आरपीएमला हे अनुक्रमे सुमारे 107 आणि 162 हर्ट्झ येतात. जुन्या पद्धतीचं एन्व्हलप स्पेक्ट्रम काढून त्याच विभागणीवर सीएनएनशी तुलना करा. आकडा काहीही येवो, 'साधं सिग्नल प्रोसेसिंग पुरलं नसतं का?' या प्रश्नाला उत्तर तयार राहतं. नवीन साहित्य एवढं पुरे. तीन-चार डेटासेट आणि दहा मॉडेलांची जत्रा भरवू नका. तिने पानं वाढतात, पण दावा जिथल्या तिथेच राहतो.

फरक कुठे आणि कसा लिहायचा

चार ठिकाणी, आणि चारही ठिकाणी वेगळ्या लांबीत.

पहिल्या पानाच्या तळटीपेत एक वाक्य: या लेखाची आधीची आवृत्ती अमुक कॉन्फरन्समध्ये सादर झाली आणि तिच्या कार्यवृत्तात छापली गेली, सोबत डीओआय. आयईईईच्या साच्यात यासाठी जागाच ठेवलेली असते.

प्रस्तावनेच्या शेवटी एक परिच्छेद. हा सगळ्यात जास्त वाचला जातो आणि सगळ्यात वाईट लिहिला जातो. नेहमी येणारा मसुदा असा असतो: 'हा लेख आमच्या आधीच्या कामाचा विस्तार आहे. यात आम्ही अधिक प्रयोग, सविस्तर विश्लेषण आणि अद्ययावत संदर्भ जोडले आहेत.' यातून काहीच कळत नाही, कारण कोणत्याही लेखावर हे चिकटवता येईल. तुमच्यासाठी मी साधारण असं लिहीन, इंग्रजीत अर्थातच तुमच्या शब्दांत:

'[7] मध्ये आम्ही एक सीएनएन मांडलं आणि सीडब्ल्यूआरयूच्या डेटावर दहा वर्गांत खिडक्यांची यादृच्छिक विभागणी करून तपासलं. त्या मांडणीत एकाच बेअरिंगच्या खिडक्या ट्रेन आणि टेस्ट दोन्हींत येतात. या लेखात मॉडेलची मूळ रचना तीच आहे (विभाग 3.1, [7] वरून संक्षेपाने). नवीन भाग चार: मॉडेलमधला बदल (विभाग 3.2), बेअरिंगनुसार विभागणी आणि तिच्यावरचे निकाल (विभाग 4), कृत्रिम नुकसानीवर शिकून खऱ्या नुकसानीवर चाचणी, पाडरबॉर्नच्या डेटावर (विभाग 5), एन्व्हलप स्पेक्ट्रमशी तुलना (विभाग 6). [7] मधला निकाल तक्ता 2 च्या पहिल्या ओळीत तुलनेसाठी पुन्हा दिला आहे.'

यात जुनं काय आहे हेही सांगितलंय, ते महत्त्वाचं. नुसती नव्याची यादी दिली की उरलेल्यातलं कितपत जुनं आहे हे रिव्ह्यूअरला स्वतः शोधावं लागतं, आणि शोधायला लागलेला रिव्ह्यूअर संशयीच असतो.

तिसरी जागा संपादकाला लिहिलेलं पत्र. वरचाच मजकूर, पण विभागवार तक्त्यात, एका पानाच्या आत:

| जर्नल लेखातला विभाग | कॉन्फरन्स पेपरमध्ये | स्थिती |
|---|---|---|
| 1 प्रस्तावना | विभाग 1 | नव्याने लिहिली, प्रश्न बदलला |
| 2 आधीचं काम | विभाग 1 मध्ये एक परिच्छेद | नवीन. विभागणीतल्या गळतीवर भर |
| 3.1 मॉडेलची रचना | विभाग 2 | संक्षेप. आकृती 1 पुन्हा वापरली |
| 3.2 मॉडेलमधला बदल | नाही | नवीन |
| 4, 5, 6 प्रयोग | विभाग 3 | तक्ता 2 ची पहिली ओळ सोडून सगळं नवीन |

सोबत कॉन्फरन्स पेपरची पीडीएफ पूरक फाइल म्हणून जोडा. सबमिशनच्या फॉर्मवर 'हे काम आधी प्रसिद्ध झालंय का' अशा अर्थाचा प्रश्न असतो. तिथे 'हो' करा. पत्रात सगळं सांगून फॉर्मवर घाईत 'नाही' केलेले लेख मी पाहिलेत. कार्यालयातला माणूस फॉर्म वाचतो, पत्र नाही, आणि लेख संपादकापर्यंत पोचायच्या आतच परत येतो.

चौथी जागा आकृत्यांच्या आणि तक्त्यांच्या मथळ्यांत. जुनी आकृती जशीच्या तशी असेल तर '[7] वरून', बदलली असेल तर '[7] वरून, बदलांसह'. इथे कॉपीराइटचाही मुद्दा येतो. कॉन्फरन्स पेपरचा कॉपीराइट तुम्ही आयईईईला दिलेला आहे. जर्नल आयईईईचंच असेल तर संदर्भ आणि श्रेय पुरतं. दुसऱ्या प्रकाशकाकडे जात असाल तर आयईईई एक्सप्लोरवर तुमच्या पेपरच्या पानावरून परवानगी काढा आणि मथळ्यात त्यांनी सांगितलेली श्रेयओळ टाका. माझं मत विचाराल तर आकृती नव्यानेच काढा. मॉडेलमध्ये बदल केलाय म्हटल्यावर जुनी आकृती तशीही अपुरी आहे.

बदल रंगाने दाखवायचे का, असं बरेच जण विचारतात. हा गोंधळ रिव्हिजनच्या सवयीतून येतो. पहिल्यांदा पाठवताना रंगीत हस्तलिखित कोणी मागत नाही, जर्नलने खास सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या स्वतःच्या तपासणीसाठी मात्र हे चालवा:

```
latexdiff --flatten conf/main.tex journal/main.tex > diff.tex
```

diff.tex कंपाइल करून निघालेली पीडीएफ कोणाला पाठवण्यासारखी नसते, कारण विभाग हलवले की सगळंच लाल-निळं दिसतं. पण ज्या भागात रंग नाही, तो शब्दशः जुना आहे एवढं नक्की कळतं. ते भाग वरच्या तक्त्याशी ताडून बघा. तक्ता म्हणतो 'नवीन' आणि पीडीएफमध्ये दोन परिच्छेद काळेच्या काळे, असं दिसलं तर एकतर मजकूर बदला किंवा तक्ता.

जर्नल दुहेरी अनामिक पद्धतीचं असेल तर यातलं थोडं बदलतं. तळटीप स्वीकृतीनंतर घालायची. प्रस्तावनेत 'आमच्या [7] मध्ये' न म्हणता '[7] मध्ये मांडलेलं मॉडेल' असं तिऱ्हाईतासारखं लिहायचं. तक्ता आणि जुनी पीडीएफ फक्त संपादकाला दिसेल अशा फाइल प्रकारात चढवायची. फाइलचा प्रकार चुकला की नाव रिव्ह्यूअरपर्यंत जातं, म्हणून सिस्टीमने तयार केलेली अंतिम पीडीएफ मंजूर करण्याआधी शेवटच्या पानापर्यंत उघडून पाहा.

लेखकांच्या यादीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. जुन्या पेपरचं मॉडेल यात आहे, म्हणजे ते ज्यांनी केलं ते सहलेखक यातही येतात. कोणी नोकरीला लागून निघून गेला असेल तरी त्याला ईमेल करून लेखी होकार घ्या. त्याला नाव नको असेल तर तेही लेखी. पाडरबॉर्नचे प्रयोग करणारा नवा माणूस खुशाल जोडा.

शीर्षक मात्र बदला. जुन्याच शीर्षकापुढे 'विस्तारित आवृत्ती' लावलं की शोधयंत्रं दोन्ही एकच समजतात आणि सायटेशनं जुन्याला जातात. तुमचा प्रश्न आता 'सीएनएनने बिघाड ओळखणं' हा राहिलेलाच नाही, 'न पाहिलेल्या बेअरिंगवर ते ओळखता येतं का' हा झालाय. तेच शीर्षकात येऊ द्या.